जुन्या वेव्ह फाइली : जपायचं काय आणि वाटायचं काय

२००० सालानंतरच्या काही वर्षांत बऱ्याच मराठी घरांत कॅसेटी संगणकावर उतरवण्याचं काम झालं. डेकमधून निघालेली वायर संगणकाच्या लाइन-इनमध्ये खोचायची, कॅसेट पहिल्यापासून लावायची आणि साठ मिनिटांनी एक वेव्ह फाइल हाती यायची. त्या फाइली तेव्हाच्या मानाने अवाढव्य होत्या. मग कुणी त्या सीडींवर उतरवून कपाटात ठेवल्या, कुणी त्यांचं एमपीथ्री करून मूळ फाइली पुसल्या. ज्यांच्याकडे वेव्ह अजून शिल्लक आहेत त्यांच्यापुढे आता निर्णय आहे. हा संग्रह पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांसाठी कुठल्या रूपात ठेवायचा? जसाच्या तसा वेव्हमध्ये, एकही आकडा न गमावता लहान करणाऱ्या फ्लॅकसारख्या लॉसलेस रूपात, की काही भाग कायमचा टाकून फार लहान करणाऱ्या एमपीथ्री, एएसी, ओपससारख्या लॉसी रूपात?

या प्रश्नावर चर्चा होते ती बहुधा ‘कानाला फरक कळतो का’ एवढीच. माझ्या मते घरच्या संग्रहासाठी हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. चांगल्या एन्कोडरने १९२ किलोबिटला केलेलं एमपीथ्री आणि मूळ वेव्ह यांतला फरक साध्या ऐकण्यात बहुतेकांना कळत नाही, हे मान्यच केलं पाहिजे. पण जुनं रेकॉर्डिंग फक्त ऐकलं जात नाही. त्याचा आवाज वाढवला जातो, खरखर कमी केली जाते, त्यातला एखादा पुसट शब्द शोधला जातो. लॉसी रूप टिकतं की नाही ते तिथे ठरतं.

माझ्या मावशीच्या घरचा संग्रह उदाहरणासाठी घेतो, कारण त्यात जवळजवळ सगळे प्रश्न एकत्र भेटतात. ऐंशीच्या दशकात घरच्या टू-इन-वनवर भरलेल्या, साठ मिनिटांच्या चौदा कॅसेटी. त्यांत जात्यावर दळताना आजीने म्हटलेल्या ओव्या आहेत, गावच्या भजनी मंडळाचा हरिपाठ आहे, आजोबांचं शाळेतलं निरोपाचं भाषण आहे, दोन लग्नांतला गोंधळ आहे. २००४ च्या सुमारास मावसभावाने त्या एका स्टिरिओ डेकवरून संगणकावर घेतल्या : सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, दोन चॅनेल. सीडीचा दर्जा म्हणतात तो हाच.

हिशोब सरळ आहे. या दर्जाला एका तासाची वेव्ह फाइल सुमारे ६३५ मेगाबाइट होते, म्हणजे चौदा तासांचे जवळपास ९ जीबी. २००४ मध्ये घरच्या संगणकाची हार्डडिस्क ४० जीबीची असे, त्यामुळे ९ जीबी हा मोठा घास होता. सीडीवर घ्यायचं तर कॅसेटमागे एक सीडी लागे. १२८ किलोबिटचं एमपीथ्री केलं की तेच चौदा तास सुमारे ८०० मेगाबाइटमध्ये मावत, दोन सीडी पुरत. तेव्हा एमपीथ्रीकडे वळलेल्यांना नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. आज तेच ९ जीबी ६४ जीबीच्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात बसतात. फ्लॅक केल्यावर मावशीकडचा सगळा संग्रह साडेपाच जीबीच्या आत आला. जागा वाचवणं हे लॉसीच्या बाजूचं मुख्य कारण होतं, आणि घरगुती प्रमाणावर ते आता उरलेलं नाही.

दोन्ही पद्धती आकार कमी करतात, पण त्यांचा मार्ग वेगळा आहे. फ्लॅक फाइलचे छोटे तुकडे पाडतो, साधारणपणे ४,०९६ नमुन्यांचे, म्हणजे सेकंदाच्या अकराव्या हिश्श्याएवढे. आधीच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा तो अंदाज बांधतो आणि खरा आकडा व अंदाज यांतला फरक तेवढा लिहून ठेवतो. उलगडताना अंदाज अधिक फरक केलं की मूळ आकडा जसाच्या तसा परत मिळतो. म्हणूनच कॅसेटचं रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये फार आकसत नाही. टेपची सरसर ही यदृच्छ असते, तिचा अंदाज बांधता येत नाही, आणि फ्लॅक तीही निष्ठेने लिहून ठेवतो. मावशीकडचं भाषण, ज्यात मधे मधे थांबे होते, मूळ आकाराच्या निम्म्यावर आलं, तर टाळांच्या गजरातला हरिपाठ पासष्ट टक्क्यांच्या आसपास अडला. फ्लॅकमध्ये ० ते ८ अशा पायऱ्या असतात. त्यांचा आवाजाच्या दर्जाशी काहीही संबंध नाही. पायरी वरची निवडली की संगणक जास्त वेळ खातो आणि फाइल किंचित लहान होते, इतकंच.

एमपीथ्री वेगळा विचार करतो. तो एका वेळी १,१५२ नमुने घेतो, सुमारे सव्वीस मिलिसेकंदांचे. वेव्हमध्ये या तुकड्याला ४,६०८ बाइट लागतात, १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत सरासरी ४१८ मिळतात. एवढ्यात बसवायचं तर काही सोडावंच लागतं, आणि काय सोडायचं हे माणसाच्या कानाच्या अभ्यासावरून ठरतं. मोठ्या आवाजाच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला जाणवत नाही, त्याच्याआड झाकला जातो. एन्कोडर दर तुकड्यात मोजतो की काय झाकलं गेलं आहे, आणि तो भाग ढोबळ आकड्यांनी लिहितो किंवा पूर्ण वगळतो. हे शास्त्र पक्कं आहे आणि ते उत्तम चालतं. त्याला गृहीत फक्त एक धरावं लागतं : रेकॉर्डिंग जसं आहे तसंच ऐकलं जाईल.

ओव्यांच्या कॅसेटमध्ये हे गृहीत कोसळतं. तिथे सगळ्यांत मोठा आवाज जात्याचा आहे, दगडावर दगड फिरल्याची जाड, रुंद पट्ट्यांत पसरलेली घरघर. आजीचा आवाज तिच्या वर तरंगतो. मागे कुठेतरी, माइकपासून लांब, थोरल्या आजीचा आवाज आहे, ओवीच्या शेवटाला ती साथ देते. त्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग घरात नाही. एन्कोडरच्या दृष्टीने मात्र तो घरघरीआड झाकलेला आणि म्हणून सोडण्याजोगा. १२८ किलोबिटची फाइल नुसती वाजवली तर काही बिघडलेलं वाटत नाही. पण घरघर कमी करणारं फिल्टर लावून मागचा आवाज वर उचलला की तो तुटतो, पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो, एखादा शब्द मधूनच गायब होतो. वेव्हवर तेच फिल्टर लावलं तर आवाज अस्पष्ट पण सलग येतो, आणि दोन ओव्यांचे शेवट मावशीला ओळखता आले. खरखर काढणारी साधनं दरवर्षी सुधारत आहेत, आणि ती नेमकी त्याच बारकाव्यांवर काम करतात जे लॉसी रूपात आधी टाकलेले असतात. ज्याला संग्रहात उद्या काहीतरी शोधायचं आहे, त्याच्यासाठी आजच्या कानाने केलेली ही निवड तोट्याची ठरते.

हरिपाठाच्या फाइलीत दुसरा दोष दिसतो. टाळ, झांज, पखवाजाची थाप असे अचानक फुटणारे आवाज एमपीथ्रीला जड जातात. आकडे ढोबळ केल्याने उरणारी चूक त्या सगळ्या तुकड्यात पसरते, त्यामुळे टाळ वाजण्याच्या क्षणभर आधीच एक फुसफुस ऐकू येते. एन्कोडर अशा जागी तुकडे लहान करतो, तरी कमी बिटरेटला दोष पुरता जात नाही. कमी दर्जाचं एमपीथ्री ओळखायचं असेल तर गाणाऱ्याच्या गळ्याकडे लक्ष देण्यापेक्षा टाळांकडे द्यावं. ते धारदार न वाटता वाळू ओतल्यासारखे वाटले की समजायचं.

लॉसी रूपाने नेमकं काय टाकलं हे घरीही तपासता येतं. ऑडॅसिटीमध्ये मूळ वेव्ह आणि तिच्यापासून केलेलं एमपीथ्री एकाखाली एक घ्यायचं, दोन्ही नमुन्यागणिक जुळवायचं, कारण एमपीथ्रीच्या सुरुवातीला एन्कोडर हजारभर नमुन्यांची शांतता घालू शकतो. मग एका पट्टीला `Invert` लावून दोन्ही एकत्र वाजवायच्या. जे ऐकू येतं तो दोहोंतला फरक. ओव्यांच्या फाइलीवर हा प्रयोग केला तेव्हा त्या उरलेल्या फरकात गाण्याची लय स्पष्ट लागत होती. फरक किती मोठा ऐकू येतो यावरून दर्जा किती घसरला हे मात्र ठरत नाही, कारण तो मूळ आवाजाखाली झाकलेलाच असतो. फ्लॅकवर हाच प्रयोग केला तर पूर्ण शांतता मिळते, आणि ती तशीच मिळायला हवी. नाही मिळाली तर वाटेत काहीतरी बदललं आहे.

आणि ते बदलण्याची एक जागा ऑडॅसिटीतच आहे. हा प्रोग्राम आत ३२ बिटमध्ये काम करतो आणि १६ बिटमध्ये बाहेर काढताना, सेटिंग बदललेलं नसेल तर, फाइलीत अतिसूक्ष्म गोंगाट मिसळतो. त्याला डिदर म्हणतात. संपादन केलेल्या आवाजासाठी ते योग्यच आहे, पण वेव्ह नुसती उघडून फ्लॅक म्हणून साठवली तरी तो मिसळू शकतो, आणि मग फ्लॅक मूळ वेव्हची हुबेहूब नक्कल राहत नाही. कानाला हे कधीच कळणार नाही. तरी लॉसलेस निवडायचं आणि पहिल्याच पायरीला आकडे बदलायचे, यात अर्थ नाही. रूपांतर संपादकातून न करता थेट `flac` या प्रोग्रामने करावं :

```
flac -8 -V --keep-foreign-metadata-if-present ovya-A.wav
```

यातला `-V` महत्त्वाचा. तो प्रत्येक तुकडा लिहिल्याबरोबर उलगडून मूळ आकड्यांशी ताडून पाहतो. शेवटचा लांबलचक पर्याय वेव्हमधल्या आवाजाखेरीजच्या नोंदी, खुणा वगैरे असल्या तर जपतो. हा पर्याय जुन्या आवृत्तीत नसतो, तेव्हा प्रोग्राम नवा घ्यावा.

पण त्याही आधी एक काम आहे, आणि ते बहुतेक जण करत नाहीत. वेव्ह हे फक्त खोकं आहे. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने १९९१ मध्ये ते आणलं तेव्हापासून त्यात वेगवेगळ्या प्रकारचा आवाज ठेवता येतो. फाइलीच्या नावापुढे `.wav` असलं म्हणजे आत शुद्ध आवाजच आहे असं नाही. `ffprobe` किंवा मीडियाइन्फोने प्रत्येक फाइल तपासावी. `pcm_s16le` दिसलं तर आत १६ बिटचा न दाबलेला आवाज आहे आणि वर सांगितलेलं सगळं लागू होतं. मावशीकडच्या एका फाइलीत `adpcm_ima_wav` निघालं. ती हातातल्या व्हॉइस रेकॉर्डरवर भरलेली होती, आणि असे रेकॉर्डर जागा वाचवायला प्रत्येक नमुना चार बिटमध्ये बसवत. तो लॉसीच प्रकार. `flac` अशी फाइल घेत नाही, आणि उलगडून फ्लॅक केलीच तर ती मूळच्या काही पट मोठी होते, मिळत काहीच नाही. अशी फाइल आहे तशीच ठेवावी. फार तर पुढे ती उलगडणारा प्रोग्राम मिळेल न मिळेल या विचाराने शेजारी एक फ्लॅक प्रत ठेवावी.

दुसरा धोका जास्त छुपा आहे. लग्नाच्या दोन फाइली तपासणीत `pcm_s16le` निघाल्या, आकारही बरोबर होता, पण त्या कधीतरी एमपीथ्रीवरून परत वेव्ह केलेल्या होत्या. हे कळतं ते स्पेक्ट्रोग्रामवरून, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांच्या चित्रावरून. १२८ किलोबिटचे एन्कोडर बहुधा १६ किलोहर्ट्‌झच्या आसपास वरचा सगळा भाग कापतात, आणि चित्रात तिथे सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसते. इथे घाई करू नये. घरगुती कॅसेटवर गाण्याचा अंश बऱ्याचदा १२ किलोहर्ट्‌झच्या वर नसतोच. फरक असा की टेपची सरसर त्याही वर हळूहळू विरत जाते, तिला सरळ कडा नसते. कडा असेल आणि तिच्यावर निव्वळ काळं असेल, तर आवाज लॉसी रूपातून जाऊन आलेला आहे किंवा मुळातच कमी नमुन्यांनी घेतलेला आहे. अशा फाइलीचं फ्लॅक केल्याने गेलेलं परत येत नाही, पण तिचं पुन्हा एमपीथ्री केलं तर आणखी जातं. म्हणून तिलाही फ्लॅकच करावं आणि नोंदीत स्पष्ट लिहावं की मूळ एमपीथ्री होतं.

हाच न्याय फोनवरच्या रेकॉर्डिंगना. जुन्या नोकियावरची `.amr` असो, व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज असो की आताच्या फोनची `.m4a`, या फाइली जन्मतःच लॉसी आहेत. त्यांची मूळ प्रत हाच त्यांचा सर्वोत्तम दर्जा. त्या न बदलता साठवाव्यात.

आता फ्लॅक की वेव्ह. मोठ्या संस्था अजूनही वेव्हकडे, खरं तर नोंदींची सोय असलेल्या ब्रॉडकास्ट वेव्हकडे, झुकतात. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए हिची तशी शिफारस आहे. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. न दाबलेला आवाज वाचायला कुठलीही युक्ती लागत नाही, आणि डिस्कवरचा एखादा बिट उलटला तर वेव्हमध्ये फार तर एक टिक ऐकू येते, फ्लॅकमध्ये मात्र तो अख्खा तुकडा, सेकंदाचा अकरावा हिस्सा, वाया जाऊ शकतो. पण संस्थेकडे फाइली दर काही महिन्यांनी तपासणारी माणसं आणि यंत्रणा असते. घरात ती नसते. घरात वेव्ह बिघडली तर ती काहीच सांगत नाही. फ्लॅकच्या प्रत्येक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा आणि प्रत्येक तुकड्याची तपासबेरीज असते, म्हणून एवढ्या एका ओळीने कळतं की आवाज पहिल्या दिवशी होता तसाच आहे की नाही :

```
flac -t ovya-A.flac
```

शेवटी `ok` आलं तर ठीक. चूक निघाली तर दुसरी प्रत अजून चांगली असतानाच ती वापरता येते. घरच्या संग्रहासाठी मला हे पारडं फ्लॅकच्या बाजूने स्पष्ट झुकलेलं दिसतं, आणि जागेची बचत हा त्यातला दुय्यम भाग आहे.

दुसरं कारण मराठी वाचकाच्या जास्त जवळचं आहे. वेव्हमधल्या जुन्या नोंदीच्या चौकटीत अक्षरं कुठल्या संकेतात लिहायची याबाबत प्रत्यक्षात एकवाक्यता नाही, त्यामुळे तिथे लिहिलेलं देवनागरी दुसऱ्या संगणकावर प्रश्नचिन्हं होऊन उघडू शकतं. फ्लॅकच्या नोंदी युनिकोडमध्येच असतात. कोण गातंय, नातं काय, गाव कुठलं, साल कोणतं, मागचा आवाज कुणाचा, कॅसेटच्या वेष्टनावर काय लिहिलं होतं, हे सगळं मराठीत फाइलीच्या पोटातच राहतं आणि फाइलीबरोबर प्रवास करतं.

फ्लॅक उद्या वाचता येईल का, ही शंका रास्त आहे. रिअलऑडिओच्या किंवा मिनीडिस्कच्या फाइली आज उघडायला जी यातायात पडते ती पाहिलेल्या माणसाने ती घेतलीच पाहिजे. फ्लॅक २००१ पासून आहे, त्याचा प्रोग्राम सर्वांना खुला आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचं संपूर्ण वर्णन इंटरनेटच्या मानकांत आरएफसी ९६३९ म्हणून नोंदलं गेलं. विंडोज १०, अँड्रॉइड आणि आयफोन तो आपणहून वाजवतात. अ‍ॅपलच्या घरात वाढलेल्यांना एएलएसी सोयीचा वाटेल. तोही लॉसलेस आहे आणि २०११ पासून खुला आहे. याच निकषावर एमपीथ्रीलाही भीती नाही, त्याच्या पेटंटचा परवाना कार्यक्रम २०१७ मध्येच संपला. एमपीथ्री नामशेष होईल म्हणून त्याला टाळायचं नाही. टाळायचं ते मूळ प्रत म्हणून, त्याने आधीच टाकून दिलेल्या भागासाठी.

वाटण्यासाठी मात्र लॉसीच हवं. पुण्यातल्या भाच्याला आणि न्यू जर्सीतल्या मावसबहिणीला साडेतीनशे मेगाबाइटची फ्लॅक पाठवण्यात काही हशील नाही. फ्लॅकवरून बोलण्याच्या रेकॉर्डिंगला ६४ किलोबिटचं ओपस किंवा सगळीकडे, अगदी जुन्या गाडीच्या प्लेयरवरही वाजावं म्हणून १९२ किलोबिटचं एमपीथ्री करावं. खरखर काढायची, आवाज वाढवायचा, पुढचा-मागचा भाग कापायचा, तो या प्रतीत. या प्रती खुशाल हरवोत, त्या कधीही पुन्हा करता येतात. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, म्हणजे दहा वर्षांनी कुणी वाटायची प्रत मूळ समजून तिच्यावरून पुढची प्रत करणार नाही.

दोन मोह आवरावेत. १६ बिटची वेव्ह २४ बिट करून ठेवल्याने दर्जा वाढत नाही, फाइल तेवढी वाढते. आणि मूळ मोनो कॅसेट आहे म्हणून दोन चॅनेल मिसळून एक करण्याची घाई करू नये. डेकचं हेड किंचित तिरपं असेल तर दोन्ही चॅनेलमध्ये सूक्ष्म वेळेचा फरक असतो, आणि ते सरळ मिसळले की वरच्या पट्ट्या बोथट होतात. ते मिसळणं वाटायच्या प्रतीत, दोन्ही जुळवून घेऊन करता येतं. आजोबांच्या भाषणासारखी एखादी वेव्ह मुळात फाटलेली, लेव्हल जास्त ठेवल्याने शिखरं कापली गेलेली असेल, तर कुठलंही रूप तिला वाचवत नाही. कॅसेट अजून वाजत असेल तर ती पुन्हा उतरवावी, या वेळी आयएएसए किमान म्हणून सांगते तसं ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटला.

राहता राहिला प्रश्न वेव्ह पुसण्याचा. फ्लॅक `-V` सह झालं असेल, दोन वेगळ्या डिस्कवर आणि तिसऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या घरी त्याच्या प्रती गेल्या असतील, आणि त्या प्रत्येक प्रतीवर `flac -t` ने `ok` दिलं असेल, तर वेव्ह पुसायला हरकत नाही, कारण ती फ्लॅकमधून हवी तेव्हा पुन्हा निघते. रूपांतराच्या वेळी फाइल अर्धवट असल्याची किंवा तिच्या मथळ्यातली लांबी जुळत नसल्याची सूचना आली असेल, तर मात्र ती वेव्ह राहू द्यावी. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली की अशी फाइल तयार होते, आणि मथळ्यात नोंदलेल्या लांबीच्या पुढेही तिच्यात आवाज असू शकतो. मावशीकडे अशी एक निघाली. मथळा दुरुस्त केल्यावर तिच्यात हरिपाठाची आणखी अकरा मिनिटं होती.